मिठाचं लेबल वाचताना या चुका टाळा

मिठाच्या पाकिटावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात: मीठ आलं कुठून आणि त्यात वरून काय मिसळलं. 'समुद्री' आणि 'सैंधव' हे शब्द पहिली गोष्ट सांगतात, 'आयोडीनयुक्त' हा दुसरी. 'टेबल सॉल्ट' म्हणजे शुद्ध केलेलं, बारीक, मोकळ्या दाण्याचं मीठ. ते खाणीतलं असेल किंवा समुद्राचं, त्यात आयोडीन असेल किंवा नसेलही. म्हणजे समुद्री मीठ आयोडीनयुक्त असू शकतं, सैंधवही असू शकतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढच्या चुका आपोआप होतात.

'समुद्राचं आहे, म्हणजे आयोडीन असणारच'

ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून हिशोब नीट मांडू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन फक्त ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एक किलो मिठासाठी सुमारे २९ लिटर पाणी आटवावं लागतं. त्यातलं सगळंच्या सगळं आयोडीन मिठात उतरलं असं धरलं, तरी किलोमागे पावणेदोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर त्यातून जेमतेम ९ मायक्रोग्रॅम आयोडीन मिळेल, तेही मिळालंच तर. प्रौढ माणसाची गरज मात्र १५० मायक्रोग्रॅम आहे आणि गरोदरपणात ती २५० वर जाते. सैंधवाचंही तेच, कारण तेसुद्धा फार पूर्वी आटून गेलेल्या समुद्राचंच मीठ आहे.

आयोडीन मिसळलेल्या मिठात किलोमागे ३० मिलिग्रॅम असेल, तर त्याच ५ ग्रॅममध्ये १५० मायक्रोग्रॅम येतं. अर्थात सगळं ताटापर्यंत पोचत नाही. साठवण-वाहतुकीत पाचवा भाग आणि शिजवताना उरलेल्याचा पाचवा भाग जातो असं धरलं, तर हाती ९६ मायक्रोग्रॅम राहतं. बाकीचं मासे, दूध, अंडी यांतून भरून निघू शकतं. जे हे पदार्थ खात नाहीत आणि मीठही आयोडीनशिवायचं वापरतात, त्यांची मला खरोखर काळजी वाटते. गरोदरपणातली आयोडीनची उणीव पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते.

म्हणून पाकिटाचा पुढचा भाग सोडा, मागची घटकांची यादी वाचा. तिथे 'पोटॅशियम आयोडेट' किंवा 'पोटॅशियम आयोडाइड' असेल तरच आयोडीन घातलेलं आहे. 'नैसर्गिक खनिजांनी युक्त' या शब्दांवरून ते कळत नाही. आयोडेट जास्त टिकाऊ असतं, आयोडाइड दमट हवेत लवकर उडून जातं. दोन्ही मिठं घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवा.

'गुलाबी मिठात सोडियम कमी'

वजनाला वजन धरलं तर फरक नगण्य आहे. १०० ग्रॅम मिठात, रंग कोणताही असो, ३८-३९ ग्रॅम सोडियम असतं. गुलाबी रंग मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे येतो. त्या मिठातल्या खनिजांचं प्रमाणही इतकं थोडं असतं की रोजच्या गरजेला त्याचा काही आधार नाही.

मग काही पाकिटांवर 'एका चमच्यात कमी सोडियम' कसं लिहितात? चमचा वजन मोजत नाही, जागा मोजतो. बारीक मिठाचा लहान चमचा सुमारे ६ ग्रॅम भरतो, पापुद्र्यासारख्या जाड मिठाचा त्याच्या निम्माही भरू शकतो, कारण दाण्यांमध्ये हवा असते. चवीसाठी शेवटी तितक्याच ग्रॅमची गरज लागते. तुलना करायची तर १०० ग्रॅमच्या रकान्यातले आकडे बघा. पाककृतीत जाड मिठाऐवजी बारीक मीठ वापरताना पदार्थ खारट होतो तोही याच कारणाने. अशा वेळी वजन करूनच घ्या.

पाणी गढूळ झालं म्हणजे भेसळ?

पेलाभर पाण्यात चमचाभर टेबल सॉल्ट विरघळवलं की कधी पाणी दुधट दिसतं. बहुतेकदा ते दाणे मोकळे राहावेत म्हणून घातलेलं, पाण्यात न विरघळणारं कॅल्शियम सिलिकेट किंवा सिलिका असतं. खारवणात भाज्या टिकवताना पाणी नितळ हवं असेल, तर असा पदार्थ न घातलेलं मीठ घ्या. ओलसर होणारं समुद्री मीठही खराब नसतं. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढतं.

'लो सोडियम' लिहिलेलं मीठ मात्र समुद्री, सैंधव, आयोडीनयुक्त आणि टेबल सॉल्ट या चौघांपेक्षा वेगळं आहे. त्यात सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.