फुल टाइम ट्रेडिंगसाठी नोकरी सोडताय? आधी हा हिशोब बघा आणि या चुका टाळा

रिटर्न भरायच्या सीझनला माझ्याकडे ट्रेडिंग करणारी बरीच पोरं येतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यात नोकरी सोडून फुल टाइम ट्रेडर झालेले वाढलेत. चाकणच्या कंपनीतली नोकरी सोडलेला एक जण असाच आला होता. म्हणाला, सर मी प्रॉफिटमध्ये आहे, दर महिन्याला घरी पैसे देतोय. मी म्हटलं अ‍ॅपमधला पी अँड एल बाजूला ठेव, लेजर काढ आणि तीनच आकडे लिही: खात्यात एकूण किती टाकले, किती काढले, आज किती आहेत. स्वतःचे 8 लाख आणि नंतर वडिलांकडून घेतलेले 2, असे टाकले 10 लाख. काढले 4 लाख 20 हजार. शिल्लक साडेचार लाख. म्हणजे 1 लाख 30 हजारांचा तोटा, आणि घरी जात होते ते पैसे त्याच्याच भांडवलातले होते. पोरगा खोटं बोलत नव्हता बरं का, त्याला खरंच तसं वाटत होतं.

ही पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक, पैसे काढता आले म्हणजे कमाई झाली असं समजणं. हे तीन आकडे दर महिन्याला वहीत लिहा, दुसऱ्या कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवू नका.

दुसरी चूक स्क्रीनशॉटची. "आज 38 हजार बुक केले" असा हिरवा फोटो टेलिग्रामवर येतो, त्यात चार्जेस वजा नसतात, भांडवल किती लावलं ते दिसत नाही, दुसऱ्या खात्यात काय झालं ते तर कळायचा मार्गच नाही. आणि हे मी उगाच म्हणत नाहीये. ऑक्टोबर 2023 मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' नावाने कोर्स विकणाऱ्यावर ऑर्डर काढली, त्यात सेबीने त्याचं स्वतःचं ट्रेडिंग तपासलं तर जानेवारी 2021 ते जुलै 2023 मध्ये जवळपास 2.9 कोटींचा तोटा निघाला. पैसा येत होता तो कोर्सच्या फीचा. त्यामुळे कोणी महिन्याची कमाई दाखवली की एवढंच विचारा, गेल्या तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न दाखवता का? आणि कॉल देत असेल तर सेबी रजिस्ट्रेशन नंबर मागा, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा नंबर INH ने सुरू होतो, तो सेबीच्या साइटवर नावासकट तपासता येतो.

सेबीचा स्वतःचा अभ्यास तर सगळ्यांसाठी उघडा आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या 1 कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि खर्च वजा जाता 1 लाखापेक्षा जास्त नफा फक्त 1 टक्का लोकांना झाला. 1 लाख! त्यात घर नाही चालत. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच.

आता खरा मुद्दा, जो कुठल्याच वेबिनारमध्ये नीट सांगत नाहीत. समजा भांडवल 8 लाख आणि घरखर्च महिना 40 हजार. वर्षाचे झाले 4 लाख 80 हजार, म्हणजे भांडवलावर 60 टक्के रिटर्न फक्त घर चालवायला पाहिजे. त्यात चार्जेस धरा. निफ्टीचा एक लॉट ऑप्शन साधारण 100 रुपये प्रीमियमला घेतला आणि विकला तर 20 अधिक 20 ब्रोकरेज, त्यावर एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी असं मिळून 60 रुपयांच्या आसपास जातात, ट्रेड जिंकला तरी आणि हरला तरी. दिवसाला असे 10 ट्रेड केले तर 600, महिन्याच्या 20 दिवसांचे 12 हजार, वर्षाचे 1 लाख 44 हजार. म्हणजे 8 लाखांवर अजून 18 टक्के. मिळून 78 टक्के कमवाल तेव्हा वर्षाअखेर तुमचे 8 लाख 8 लाखच राहतील, एक रुपया वाढणार नाही.

आणि तीन महिने ना नफा ना तोटा असे गेले तर? घरखर्चाचे 1 लाख 20 हजार आणि चार्जेसचे 36 हजार गेले, उरले 6 लाख 44 हजार. एकही मोठा तोटा न होता. आता तेवढाच घरखर्च काढायला चार्जेस सोडून 75 टक्के लागतात. इथून माणूस क्वांटिटी वाढवतो, कारण भाडं आणि शाळेची फी थांबत नाही, आणि वाढवलेल्या क्वांटिटीवर एक उलटा दिवस आला की पुढचं सगळं फार वेगाने होतं. नोकरी असलेल्या ट्रेडरला "आज ट्रेड नाही घेत" म्हणता येतं, फुल टाइमवाल्याला महिनाअखेर ते जमत नाही. माझ्या मते बहुतेक लोक इथेच अडकतात, स्ट्रॅटेजी बरी असली तरी.

ऑप्शन सेलिंगवाले म्हणतील आमचा विन रेट 90 टक्के आहे. असेलही, पण हरलेल्या दिवशी किती जातात ते विचारा. 4 जून 2024, लोकसभेची मतमोजणी, निफ्टी एका दिवसात जवळपास 6 टक्के पडला. पुट विकून हेज न करता बसलेल्या माणसाचा कित्येक महिन्यांचा प्रीमियम अशा एका दिवसात जाऊ शकतो. त्यामुळे सहा महिन्यांचा रेकॉर्ड बघून राजीनामा देऊ नका, त्यात असा दिवस आलेलाच नसतो.

मग करायचं काय? मार्केट आवडत असेल तर सोडा असं मी म्हणत नाही. नोकरी ठेवा, आधी हेल्थ इन्शुरन्स, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आणि इंडेक्स फंडाची एसआयपी, हे झाल्यावर बचतीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम ट्रेडिंगला, तीही उसनी नाही. ऑफिस सांभाळून इंट्राडे होत नाही, पण डिलिव्हरीत स्विंग ट्रेड होतात, संध्याकाळी चार्ट बघायचे आणि जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावून ठेवायची. दोनेक वर्षं वरचे तीन आकडे लिहा. त्यात पडलेलं मार्केटही आलं पाहिजे. चार्जेस वजा जाऊनही साध्या इंडेक्स फंडापेक्षा जास्त मिळालं तर पुढचा विचार करा, नाही मिळालं तर पगार चालूच आहे, काही बिघडलं नाही.

मार्केटमध्येच करिअर पाहिजे असेल तर ट्रेडिंग सोडून दुसरे रस्ते पण आहेत. एनआयएसएमची सिरीज 5-ए परीक्षा देऊन आम्फीचा एआरएन म्हणजे रजिस्ट्रेशन नंबर घेतला की म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर होता येतं, सिरीज 15 रिसर्च अ‍ॅनालिस्टची आहे, ब्रोकरकडे रिस्क आणि ऑपरेशन्सला माणसं लागतातच. सुरुवातीला पैसे कमी मिळतात हे खरं.

आणि ज्यांनी आधीच सोडलीय त्यांनी सगळ्यात आधी ट्रेडिंग खात्यातून घरखर्च काढणं थांबवा, त्यासाठी मिळेल ते काम धरा, पर्सनल लोन काढून मार्जिन भरू नका. तोटा असला तरी आयटीआर-3 मुदतीत भरा, एफ अँड ओचा तोटा पुढची 8 वर्षं धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येतो, मुदत चुकवली तर तो हक्क जातो. पगारातून मात्र तो वजा होत नाही. चाकणच्या त्या पोराचा तोटा आम्ही असाच पुढे ओढलाय, तो आता दुसऱ्या कंपनीत लागलाय आणि वडिलांचे पैसे हप्त्याने परत करतोय.