भाषणाची पहिली ३० सेकंदं पाठ करताना या चुका टाळा

भाषण सगळं पाठ करू नये, हे आता बहुतेकांना पटलेलं असतं. सुरुवात तेवढी पाठ असावी आणि पुढचं मुद्द्यांवरून बोलावं, हेही पुष्कळजण करतात. तरीही माइकसमोर गडबड होते. ती का होते याची कारणं बहुधा त्या ३० सेकंदांच्या लिहिण्यातच असतात. मी गेली काही वर्षं गावोगावी बोलायला जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांची तयारी करून घेतो. त्यातलंच एक उदाहरण इथे शेवटपर्यंत वापरतो: एका आरोग्यसेविकेला पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत सर्पदंशावर २० मिनिटं बोलायचं होतं.

तिने लिहून आणलेली सुरुवात अशी होती: "सर्वांना माझा नमस्कार. आज आपण येथे सर्पदंश व त्यावरील प्रथमोपचार या अत्यंत महत्त्वाच्या विषयावर माहिती घेण्यासाठी मोठ्या संख्येने जमलो आहोत. पावसाळ्यामध्ये सर्पदंशाच्या प्रमाणात होणारी वाढ लक्षात घेता या विषयासंदर्भात जनजागृती होणे ही काळाची गरज आहे."

एवढ्या चार ओळी तिला चार दिवसांत पाठ होत नव्हत्या. स्मरणशक्ती कमी पडते, असं ती म्हणत होती. तसं काहीच नव्हतं. या वाक्यांत डोळ्यांसमोर उभं राहील असं काही नाही, त्यामुळे एक शब्द निसटला की पुढचा आठवायला कशाचाच आधार मिळत नाही. "लक्षात घेता" म्हटलं की पुढे "विषयासंदर्भात" की "अनुषंगाने", हे तिला दरवेळी अडायचं. आणि अडणारच, कारण ऐकणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

नमस्कार आणि नावं पाठ करू नका

आपल्याकडे भाषणाची सुरुवात "व्यासपीठावर उपस्थित" पासून होते. ती टाळून चालत नाही, गावात तर नाहीच. पण तो भाग ३० सेकंदांत धरायचा नाही. व्यासपीठावर कोण बसणार हे शेवटच्या पाच मिनिटांत बदलतं. सरपंच येत नाहीत, उपसरपंच येतात, मध्येच कुणी मोठा पाहुणा येऊन बसतो. पाठ केलेल्या यादीत एक नाव बदललं की माणूस तिथेच लटपटतो आणि पुढची पाठ केलेली वाक्यंही घसरतात.

नावं सभेच्या जागी पोहोचल्यावर कागदावर लिहून घ्यायची आणि सरळ कागदात बघून वाचायची. नावं वाचून दाखवण्यात कुणाला काही गैर वाटत नाही, चुकलेलं नाव मात्र लक्षात राहतं. नमस्कार झाला की कागद खाली, एक श्वास, समोर बघायचं, आणि मग पाठ केलेलं पहिलं वाक्य. ३० सेकंदं इथून मोजायची.

बोलून बघितल्याशिवाय लिहू नका

वरचा मसुदा वहीत बसून लिहिलेला होता. मी तिला वही मिटायला सांगितली आणि विचारलं, तुम्हाला गावाला नेमकं काय सांगायचंय? ती म्हणाली, "मण्यार चावलेली कळत नाही हो, लोक झोपून राहतात." भाषणाची खरी सुरुवात तिथे सापडली. मग तिने उभं राहून बोलत बोलत सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. दोन-तीनदा कापून झालेला मजकूर असा:

"मण्यार चावली तर बहुतेक वेळा दुखत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, आणि त्याला वाटतं, मुंगी चावली असेल. तो कूस बदलतो आणि झोपतो. पहाटे पोटात दुखायला लागतं. मग पापण्या जड होतात, उघडता उघडत नाहीत. घरचे म्हणतात, पित्त झालंय, उजाडल्यावर बघू. उजाडायची वाट बघायची नाही, एवढंच सांगायला मी आलेय. तुमच्यापैकी जमिनीवर कोण कोण झोपतं?"

हे ५४ शब्द आहेत. सावकाश, थांबे घेत बोललं तर ३० सेकंदांच्या आसपास होतात. मराठीत ५० ते ६० शब्दांच्या पुढे गेलात की एकतर वेळ वाढतो किंवा वेग वाढतो, आणि घाबरलेल्या माणसाचा वेगच वाढतो. म्हणून मजकूर लिहिल्यावर मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने बोला. घरी २० सेकंदांत संपत असेल, तर शब्द कमी आहेत असं समजू नका, आधी थांबे बघा.

पहिलं वाक्य एका श्वासात, आणि तो श्वास अर्धा शिल्लक असताना, संपलं पाहिजे. उभं राहिल्यावर पहिल्या क्षणी छाती भरून श्वास येतच नाही. लांब वाक्य असेल तर शेवटचे दोन शब्द घशात अडकतात आणि ऐकणाऱ्याला वक्ता घाबरल्याचं तिथेच कळतं. "मण्यार चावली तर बहुतेक वेळा दुखत नाही" हे सात शब्द आहेत आणि त्यांत जोडाक्षरांची गर्दी नाही. तुमची जीभ ज्या शब्दावर अडते तो शब्द सरावाने सुटेल या भरवशावर राहू नका, बदलून टाका.

सभागृह खोटं पाडेल असं काही पाठ करू नका

ही चूक लिहिताना दिसत नाही, बोलताना दिसते. "मोठ्या संख्येने जमलो आहोत" हे पाठ केलं आणि समोर १४ माणसं असली तर काय करायचं? "आज सकाळच्या या प्रसन्न वातावरणात" पाठ केलं आणि सभा दुपारी दोनला सुरू झाली तर? पाठ केलेला मजकूर अगदी त्याच शब्दांत बाहेर येतो, तीच त्याची ताकद असते. म्हणून त्यात माणसांची संख्या, वेळ, हवामान, आधीच्या वक्त्याचा उल्लेख, यांतलं काही नको. बोलायचंच असेल तर ते नमस्काराच्या वेळी, त्या क्षणी सुचेल तसं बोला.

याचाच आणखी एक प्रकार जास्त नुकसान करतो. "मी आज तुम्हाला पाच गोष्टी सांगणार आहे" हे वाक्य सुरुवातीत आलं की पुढचं सगळं भाषण त्या पाचात अडकतं. २० मिनिटांचं भाषण आयत्या वेळी आठ मिनिटांचं करायला सांगतात, तेव्हा तिसऱ्या गोष्टीवर थांबता येत नाही. लोक बोटं मोजत असतात. सुरुवात एका गोष्टीशी बांधील ठेवा, आकड्याशी नको.

३१व्या सेकंदाची तयारी नसणं

माझ्या मते सर्वांत जास्त भाषणं इथे पडतात. पाठ केलेला भाग सफाईने संपतो, मग "तर..." म्हणून माणूस कार्ड शोधायला लागतो. आवाज बदलतो, नजर खाली जाते. समोरच्यांना सांधा स्पष्ट दिसतो: इथपर्यंत पाठ होतं, इथून पुढे नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे शेवटचं पाठ वाक्य असं हवं की पुढचं बोलणं आपोआप सुरू व्हावं. आमच्या मजकुरात तो प्रश्न आहे: जमिनीवर कोण कोण झोपतं? हात वर होतात, कुणीतरी काहीतरी बोलतं, आणि वक्त्याला त्याला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर देताना कुणीही पाठ केलेल्या सुरात बोलत नाही. पण प्रश्न खरा हवा, उत्तर ऐकायला थांबायची तयारी हवी. हातच वर झाले नाहीत तर म्हणायचं वाक्यही ठरलेलं असावं. आम्ही ठरवलं होतं, "शेतावर राखणीला गेल्यावर?"

दुसरा उपाय कार्डाचा. पुढच्या भागाचं कार्ड वाक्यांनी भरू नका. पूर्ण वाक्य दिसलं की डोळा ते वाचायला लागतो. तिच्या कार्डावर एवढंच होतं: खाट, मच्छरदाणी खोचून. हलवू नका. करकचून बांधणं, कापणं, चोखणं नाही. १०८, सरकारी दवाखाना, प्रतिसर्पविष. चार साप: नाग, मण्यार, घोणस, फुरसे. शेवटच्या ओळीभोवती पेन्सिलीने चौकोन होता. चौकोनातलं वेळ कमी पडला तर गाळायचं. काय गाळायचं हे घरीच ठरवावं लागतं, माइकसमोर ते ठरत नाही.

पाठ केलेला भाग ३० सेकंदांवरून दोन मिनिटांपर्यंत वाढवण्याचा मोह सराव चांगला झाल्यावर होतो. तो आवरा. दोन मिनिटं पाठ बोलल्यावर कान त्या लयीला सरावतात आणि सांधा आणखी ठळक होतो.

पाठांतर कुठे कच्चं आहे, हे कसं ओळखायचं

खुर्चीत बसून मनातल्या मनात म्हणता येतं, याचा अर्थ पाठ झालं असा नाही. जिना चढून आल्यावर धापा टाकत म्हणून बघा. पोळ्या लाटताना म्हणा. घरातल्या कुणाला मध्येच "पाणी हवंय का?" असं विचारायला सांगा आणि उत्तर देऊन तिथूनच पुढे चला. पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, तर मजकूर पाढ्यासारखा पाठ झालाय. मग सरावाची पद्धत बदला: कधी चौथ्या वाक्यापासून सुरुवात करा, कधी सहाव्या. प्रत्येक वाक्याला एक चित्र धरा. कूस, पोट, पापण्या, उजाडणं. चित्र आठवलं की शब्द सापडतो, आणि एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी बिघडत नाही.

पहिलं आणि शेवटचं वाक्य मात्र अक्षरशः पाठ हवं. मध्ये पूर्ण कोरं झालंच, तर शेवटच्या वाक्यावर उडी मारायची. ऐकणाऱ्यांकडे तुमचा मजकूर नसतो, दोन वाक्यं गळली हे त्यांना कळत नाही.

बोलताना नजर छताकडे जात असेल, तर शब्द शोधणं चालू आहे, मजकूर अजून लहान करा. एकसुरी, भराभर जात असेल, तर सराव नेहमी बसून आणि हळू आवाजात झालाय. उभं राहून, मागच्या भिंतीपर्यंत आवाज जाईल असं बोला, वेग आपोआप उतरतो.

एका ठिकाणी हे सगळं बाजूला ठेवा: शोकसभेत. तिथे घोटून आणलेली ३० सेकंदं लोकांना टोचतात. पहिलं वाक्य तेवढं ठरवून जावं.

त्या ग्रामसभेत रस्त्याचा विषय लांबला आणि तिला २० ऐवजी आठ मिनिटं मिळाली. नावं तिने कागदावरून वाचली, कागद ठेवला, मण्यारीचं वाक्य म्हटलं. तिसऱ्या वाक्याला माइक बंद पडला, ती तशीच मोठ्याने बोलत राहिली. प्रश्न आला तेव्हा मागच्या रांगेतली एक आजी म्हणाली, "आम्ही समदीच खाली झोपतो, खाट आहेच कुठं?" कार्डावर पहिला शब्द "खाट" होता. तिने तो सोडला आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी कशी खोचायची, हे आजींच्याच शेजारी जाऊन लुगड्याच्या पदरावर करून दाखवलं. चार साप गळले. १०८ मात्र तिने दोनदा सांगितलं.