झिरो रेटेड की एक्झेम्प्ट? आंबा निर्यात करताना या चुका टाळा

"आंब्यावर टॅक्सच नाही, मग क्रेडिट कसलं घेता काका?" क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका आंबा व्यापाऱ्याला त्यांच्या हिशेबनिसाने असं ऐकवलं होतं आणि काकांनाही ते पटलं होतं. क्रेडिट म्हणजे धंद्याच्या खर्चावर भरलेला जीएसटी परत मिळवण्याचा हक्क. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, हे खरंच आहे. (रस काढून डब्यात भरला की गोष्ट वेगळी, तो करपात्र.) पण काकांचा हापूस फक्त मुंबईत खपत नव्हता, दुबईलाही जात होता. तिथेच गफलत झाली.

दोन्ही बिलांवर कर शून्यच दिसतो. मुंबईतल्या दुकानदाराला विकलेली पेटी 'एक्झेम्प्ट', म्हणजे करमाफ. त्या पेटीसाठी केलेल्या खर्चावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो आपल्या खर्चातच जातो. परदेशी गेलेली तीच पेटी मात्र 'झिरो रेटेड'. देशातला कर मालाबरोबर बाहेर जाऊ नये म्हणून इथे मागच्या टप्प्यांवरचा करही मोकळा करतात. माल मुळात करमाफ असला, तरी निर्यातीसाठी क्रेडिट घेता येतं, असं आयजीएसटी कायद्याच्या कलम 16(2) मध्ये स्पष्ट लिहिलंय. हे पोटकलम बरेच जण वाचतच नाहीत.

काकांचा एप्रिलचा हिशेब सोप्या आकड्यांत मांडतो. निर्यात 60 लाख, स्थानिक विक्री 40 लाख. विमानभाड्यावरचा जीएसटी 2,70,000, तो पूर्ण निर्यातीचा. स्थानिक मालाच्या खोक्यांवरचा 30,000. ऑफिसचं भाडं, सीएची फी वगैरे दोन्हींसाठी सामाईक खर्च, त्यावरचा 1,00,000. एकूण 4 लाख.

हिशेबनिसाने सगळी 1 कोटीची विक्री GSTR-3B या मासिक रिटर्नच्या 3.1(c) मध्ये, म्हणजे करमाफ रकान्यात टाकली आणि 4 लाखांचं क्रेडिट सोडून दिलं. निर्यातीचे 60 लाख 3.1(b) मध्ये हवे होते. मग जीएसटीच्या नियम 42 प्रमाणे स्थानिक खोक्यांचे 30,000 पूर्ण रिव्हर्स करायचे, म्हणजे क्रेडिटमधून वजा करायचे, आणि सामाईक क्रेडिटमधला करमाफ विक्रीचा वाटा:

```
1,00,000 × 40 लाख ÷ 100 लाख = 40,000
```

हे एकूण 70,000 रुपये त्याच रिटर्नच्या 4(B)(1) मध्ये जातात. उरलेले 3,30,000 काकांचे, आणि स्थानिक विक्रीवर कर नसल्यामुळे ते RFD-01 हा अर्ज भरून रिफंड म्हणून मागायचे.

चूक समजल्यावर काका उलट्या टोकाला गेले. "मग सगळे 4 लाख मागू या ना!" तसंही नाही. रिफंडच्या सूत्रात क्रेडिटला निर्यात भागिले एकूण विक्री या गुणोत्तराने गुणतात, पण छेदात करमाफ स्थानिक विक्री धरतच नाहीत, त्यामुळे काकांसारख्याचं गुणोत्तर 60 भागिले 60, म्हणजे पूर्ण 1 येतं. 40 टक्क्यांची कात्री तिथे आपोआप लागत नाही. ती आधी रिव्हर्सलमध्ये लावायची असते. लावली नाही तर 70,000 जास्त मागितले जातात, आणि पुढे नोटीस येते ती व्याजासकट.

बिघाड कुठे झालाय हे ओळखायला विक्रीच्या बिलांचं रिटर्न, GSTR-1, उघडा. निर्यातीचं प्रत्येक बिल टेबल 6A मध्ये, शिपिंग बिल क्रमांक आणि पोर्ट कोडसह दिसलं पाहिजे (सहारच्या एअर कार्गोचा कोड INBOM4). काकांचं 6A कोरं होतं आणि करमाफ विक्रीच्या टेबल 8 मध्ये एकच गोळा आकडा. सॉफ्टवेअरमध्ये आंब्याला 'Exempt' लावून ठेवलं होतं, म्हणून निर्यातीचं बिलही तिकडेच गेलं. अशी राहिलेली बिलं पुढच्या GSTR-1 मध्ये मूळ तारखेने टाकता येतात. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत. रिफंडची मुदत वेगळी: माल घेऊन विमान देशाबाहेर पडल्यापासून दोन वर्षं.

कर न भरता निर्यात करण्यासाठी द्यायचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, नव्हतं म्हणून घाबरू नका. करमाफ मालाच्या निर्यातीला ते लागत नाही, असं 2018 च्या परिपत्रक 45 मध्ये सांगितलंय. करपात्र माल कर न भरता पाठवणाऱ्यांना मात्र ते हवंच.

आंब्यात आणखी एक गोची हंगामाची. एप्रिलमध्ये करमाफ विक्री 40 टक्के, पण पावसाळ्यात काका फक्त स्थानिक फळं विकतात, तेव्हा ती 100 टक्के. म्हणून वर्षअखेरीला पूर्ण वर्षाच्या विक्रीवर नियम 42 चा हिशेब पुन्हा करावा लागतो. महिन्यामहिन्याला जास्त रिव्हर्स झालं असेल, तर तो फरक पुढच्या सप्टेंबरच्या रिटर्नपर्यंत परत घेता येतो. काकांची ती फाईल सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि त्यातली ऑगस्टची भाड्याची पावती अजून सापडलेली नाही.