पायऱ्यांवर पडणारी लांब सावली कशी बनवावी

Photoshop मध्ये फोटोतल्या पायऱ्यांसमोर माणूस कापून बसवला की बहुतेक जण त्याची काळी प्रत घेतात, Ctrl+T दाबून आडवी ताणतात आणि पायऱ्यांवरून सरळ नेतात. मग पायऱ्यांच्या जागी उतार असल्यासारखं दिसतं. सावली ताणायची नसते, पायरीगणिक मोडायची असते.

आधी उन्हाचा कोन काढा. फोटोतल्या एखाद्या खांबाची उंची आणि सपाट जमिनीवरची त्याची सावली, एवढं पुरतं. समजा सावली उंचीच्या पावणेदोन पट आहे, म्हणजे सूर्य साधारण ३० अंशांवर आहे.

आता खरी मेख. सावली पायरीच्या उभ्या बाजूवर १५ सेंमी चढली की माणसाची १५ सेंमी उंची संपते. सपाट भागावर मात्र ३० सेंमी पुढे गेली तरी १७ सेंमीच संपते, कारण ३० अंशांना अंतराला ०.५८ ने गुणायचं. माणूस १६५ सेंमीचा, पहिल्या पायरीपासून ६० सेंमीवर उभा, सूर्य बरोब्बर पाठीमागे. जमिनीवर ३५ सेंमी गेले, उरले १३०. प्रत्येक पायरी ३२ खाते, म्हणून डोकं चौथ्या पायरीच्या शेवटी, पाचवीच्या पायथ्याशी संपलं पाहिजे. पाचवी चढलेली दिसली तर हिशोब चुकलाय.

काळ्या प्रतीचे पायांकडून याच मापांचे पट्टे कापा: ३५, मग १५, १७, १५, १७ असे. प्रत्येक पट्टा Distort ने आपापल्या भागावर बसवा. सूर्य तिरका असेल तर सपाट भागावरचे पट्टे तिरके जातात, पण उभ्या बाजूवरचे सरळ उभेच राहतात. उभ्या वस्तूची सावली उभ्या भिंतीवर कधी कलत नाही. चूक नेमकी इथे होते: उभा पट्टाही तिरका केला जातो आणि सावली पायऱ्यांवर टाकलेल्या फितीसारखी दिसते. (तिरक्या उन्हात सपाट भागावरची वाटही लांबते, मोजताना ३० सेंमी नव्हे, ती तिरकी लांबी धरा.) सांधे पायरीच्या कडेवर आणि कोपऱ्यात तंतोतंत जुळवा.

पायऱ्या उतरत्या असतील आणि ऊन पाठीमागून असेल तर उभ्या बाजू मुळातच सावलीत असतात. तिथे काही रंगवू नका.

काळा रंग Multiply करण्यापेक्षा पट्ट्यांच्या आकाराचा मास्क घालून Curves लावा आणि फोटोतल्या खऱ्या सावलीशी ताडून गडदपणा ठरवा. निळसर झाक तिथूनच घ्या. पायाशी कड धारदार ठेवा. डोक्यापासून सावलीपर्यंत किरण दोन मीटर येतो, तिथे कड सुमारे २ सेंमी विरघळते. सगळीकडे एकच Gaussian Blur मारणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी.

गवतावर मोडायचं काही नसतं. गवताच्या करड्या, किंचित धूसर प्रतीची PSD फाइल Displace ला द्या, आकडा ५ ते १० ठेवा आणि उन्हात उरलेली पाती मास्कवर हाताने मोकळी करा.