कॅलरी जुळल्या म्हणून लेबल पास करू नका: या चुका टाळा

लहान खाद्यव्यवसायांची लेबलं छपाईला जाण्याआधी मी तपासून देते. हिशेब चौथीतल्या मुलाला जमेल असा आहे: प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने गुणा, कर्बोदकांना ४ ने, फॅटला ९ ने, आणि बेरीज करा. ती छापलेल्या किलोकॅलरींच्या जवळ यायला हवी. तरीही त्याच त्या चुका वर्षानुवर्षं माझ्यापुढे येतात.

शेंगदाणा चिक्की घ्या. १०० ग्रॅममध्ये प्रथिनं १३, कर्बोदकं ५७, फॅट २५. म्हणजे ५२ + २२८ + २२५ = ५०५ किलोकॅलरी. लेबलवर ३८० दिसलं, तर कुणीतरी फॅटलाही ४ नेच गुणलंय. फरक १२५ चा, म्हणजे फॅटच्या बरोबर पाचपट. फरक असा वाचता आला, की चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागत नाही.

गुणाकाराच्याही आधी मी नुसते ग्रॅम मिळवते. १३ + ५७ + २५ = ९५; उरलेले पाच ग्रॅम पाणी आणि क्षारांचे, हे पटण्यासारखं आहे. टाइप करताना २५ चे ५२ झाले, तर बेरीज १२२ होते. शंभर ग्रॅम चिक्कीत १२२ ग्रॅम ऐवज मावणार कसा? ही बेरीज करायला दहा सेकंद लागतात आणि घाईतली माणसं नेमकी तीच गाळतात.

आता ज्या चुकीसाठी हा लेख लिहायला बसले, ती सांगते. दिवाळीच्या तोंडावर एका बचत गटाच्या चिक्कीचं प्रूफ फोनवर आलं. मी प्रवासात होते. ग्रॅम मिळवले, ९५. गुणाकार केला, ५०५. लेबलवरही ५०५. ‘ठीक आहे’ असं कळवून मोकळी झाले. पाकिटं छापून दुकानांत गेली आणि आठवड्याभरात गटातल्या ताईंना एका मधुमेही गिऱ्हाइकाचा फोन आला: ‘कर्बोदकं फक्त १३ ग्रॅम लिहिलीत, म्हणून रोज एक वडी खातोय, पण साखर का वाढतेय?’ मांडणी करताना प्रथिनं आणि कर्बोदकं यांचे आकडे एकमेकांच्या ओळीत गेले होते. प्रथिनं ५७, कर्बोदकं १३!

दोन्हींचा गुणक ४ च असल्यामुळे ही अदलाबदल बेरजेत दिसत नाही आणि कॅलरीतही नाही. फॅट आणि कर्बोदकांची झाली असती, तर उत्तर ६६५ आलं असतं आणि मी तिथेच थांबले असते. प्रथिनं-कर्बोदकांपुढे मात्र ४-४-९ चा हिशेब आंधळा आहे.

ती चूक त्याच प्रूफवर दिसत होती, हे मला आजही लागतं. कर्बोदकांच्या खाली ‘एकूण साखर ४६ ग्रॅम’ असं छापलेलं होतं. साखर ही कर्बोदकांचाच भाग. १३ मध्ये ४६ बसेल कशी? शिवाय शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत प्रथिनं जेमतेम २५ ग्रॅम असतात आणि गुळात जवळपास नाहीतच, मग चिक्कीत ५७ येणार कुठून? तेव्हापासून मी प्रूफ फोनवर तपासत नाही. कागदावर काढते, प्रत्येक पोटओळ तिच्या मुख्य ओळीपेक्षा कमी आहे का ते बघते, आणि कच्चा माल आठवून विचारते, हे यात येईल का?

बाकीच्या चुका थोडक्यात. १०० ग्रॅमच्या कॅलरी आणि एका वडीचे ग्रॅम एकाच रकान्यात मिसळू नका. २११३ असा आकडा दिसला, तर घाबरण्याआधी एकक वाचा. किलोज्यूल असतील, ४.१८४ ने भागा.

आणि दोन-चार कॅलरींच्या फरकावरून कुणाला धारेवर धरू नका. ग्रॅम पूर्णांकात लिहिले, की प्रत्येक आकडा अर्ध्या ग्रॅमने इकडेतिकडे होऊ शकतो. फॅटमुळे साडेचार, बाकीच्या दोघांमुळे दोन-दोन, असे साडेआठपर्यंत किलोकॅलरी फक्त पूर्णांकामुळे हलतात. नवखी मंडळी मग कॅलरी जुळवायला ग्रॅमचा आकडा बदलतात. ते कधीच करू नका; ग्रॅम प्रयोगशाळेतून आलेले असतात.

फरक मोठा असेल आणि छापलेल्या कॅलरी हिशेबापेक्षा कमी असतील, तर फायबरची ओळ बघा. कर्बोदकांत फायबर धरलेलं असेल आणि त्याला ४ ऐवजी २ चा गुणक लावला असेल, तर १० ग्रॅम फायबरमागे २० किलोकॅलरी कमी दिसतात. ‘शुगर-फ्री’ मिठाईत माल्टिटॉलसारखे गोडवा देणारे घटक असतात, त्यांचाही गुणक ४ पेक्षा कमी. अशा लेबलवर चूक म्हणून शेरा मारण्याआधी मी उत्पादकाला फोन करून कोणता गुणक लावला ते विचारते.