संकेतांकडून आशयसूत्राकडे जाताना

मुलाखतींच्या लिखित प्रतींना संकेत (कोड) देऊन झाल्यावर ते विषयवार गटांत टाकले, म्हणजे आशयसूत्र (थीम) मिळाले, असे समजू नये. समजा, नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवरील विक्रेत्यांच्या मुलाखतींतून ‘दुपारी गिऱ्हाईक नाही’, ‘दुकानदाराच्या छज्जाखाली बसणे’, ‘त्याच्यासाठी जागा झाडून देणे’ आणि ‘तो म्हणेल तेव्हा उठणे’ असे संकेत निघाले. त्यांना ‘उन्हाळ्यातील अडचणी’ म्हणणे हे केवळ प्रश्नावलीतील शीर्षक झाले. त्यातून काहीच प्रतिपादन होत नाही. शेवटचे तीन संकेत एकत्र वाचले, तर ‘सावली दुकानदाराच्या मर्जीवर मिळते आणि तिची परतफेड करावी लागते’ हे सूत्र पूर्ण वाक्यात मांडता येते. पहिला संकेत त्यात बसत नाही, म्हणून तो ओढूनताणून न बसवता बाजूला ठेवावा.

यानंतर त्या संकेतांखालील सर्व उतारे सलग वाचावेत आणि मग मूळ प्रतींकडे परतावे. स्वतःची छत्री लावणारी एखादी विक्रेती सूत्राला छेद देत असेल, तर तिला वगळू नये. बहुधा तिच्यामुळेच सूत्राची मर्यादा नेमकी लिहिता येते. किती जणांनी उल्लेख केला, ही मोजणी येथे दुय्यम आहे.