प्रस्तावाला आठवडाभर उत्तर नाही? पाठपुराव्याच्या मेलमध्ये या चुका टाळा

प्रस्ताव पाठवून आठवडा उलटला आणि समोरून होकार, नकार किंवा साधी पोचही आली नाही, तर पाठपुरावा करणे रास्तच आहे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. अडचण येते ती पाठपुराव्याच्या मजकुरात, कारण तो लिहिताना आपल्या मनात आपले थांबणे असते आणि वाचणाऱ्याच्या मनात त्याचे राहून गेलेले काम असते. आपल्या थांबण्याविषयी लिहिलेले प्रत्येक वाक्य, ते कितीही नम्र असले तरी, वाचणाऱ्याला तक्रारीसारखे लागते. हे कसे घडते आणि कसे टाळता येते, हे एका उदाहरणावरून तपशीलवार पाहू.

एका संस्थेला आपल्या ६४ पानी वार्षिक अहवालाची मांडणी करून घ्यायची आहे. संस्थेच्या समन्वयक मॅडमांशी डिझायनरचे फोनवर सविस्तर बोलणे झाले, त्यांनी प्रस्ताव मागवला आणि तो मंगळवारी पाठवला गेला. प्रस्तावात दोन पर्याय होते. पहिल्यात केवळ मांडणी आणि छपाईसाठीची फाइल होती, तर दुसऱ्यात त्याशिवाय आकडेवारीचे आलेख काढून देण्याचे कामही धरलेले होते. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर आले नाही, तेव्हा डिझायनरने लिहिलेला कच्चा मसुदा असा होता:

"नमस्कार मॅडम, मागील मंगळवारी आपल्याला प्रस्ताव पाठवला होता. आठवडा उलटूनही आपल्याकडून काहीच प्रतिसाद आलेला नाही. आपण प्रस्ताव पाहिला असेलच. माझ्याकडे इतरही कामे येत असल्याने आपला निर्णय लवकरात लवकर कळवावा. दराबाबत अडचण असल्यास कमी-जास्त करता येईल. उत्तराच्या प्रतीक्षेत."

यात एकही शब्द उद्धट नाही, तरीही ही मेल जाऊ नये.

दिवस मोजून दाखवणे

"आठवडा उलटूनही" आणि "काहीच प्रतिसाद नाही" या शब्दांतून वाचणाऱ्याच्या हातून झालेल्या दिरंगाईचा हिशेब मांडला जातो. प्रस्ताव कधी आला हे मॅडमना मेलच्या तारखेवरून दिसतेच, त्यामुळे या वाक्यातून त्यांना नवी माहिती मिळत नाही, केवळ ओशाळल्यासारखे होते. ओशाळलेला माणूस सहसा लगेच उत्तर लिहीत नाही. तो आधी दिलगिरी कशी व्यक्त करावी याचा विचार करतो आणि ती मेल पुन्हा मागे पडते. शिवाय आठवडा मोजताना आपण सुट्यांचे दिवसही धरतो. मंगळवार ते बुधवार हे आठ दिवस दिसतात, पण त्यात कामाचे दिवस जेमतेम पाच-सहा असतात आणि प्रस्ताव दुसऱ्या कोणाच्या मंजुरीसाठी पुढे गेला असेल, तर तेवढा काळ सहज लागतो.

"पाहिला असेलच" हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी अडचणीचे आहे. पाहिला असेल तर उत्तर का दिले नाही, असा प्रश्न त्यात दडलेला असतो, आणि पाहिला नसेल तर मॅडमना तसे कबूल करावे लागते. मेल उघडल्याची सूचना देणारी सोय वापरून "आपण मेल उघडल्याचे दिसते" असे लिहिणारेही आहेत. ते तर मुळीच करू नये. पाळत ठेवल्यासारखे वाटते हे एक कारण, आणि ती सूचना खरी असेलच असे नाही हे दुसरे. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून असलेले गोपनीयतेचे संरक्षण सुरू असेल, तर मेलमधली दूरस्थ चित्रे वाचणाऱ्याने मेल न उघडताही पार्श्वभूमीत उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेली मेलसुद्धा उघडल्यासारखी नोंदली जाऊ शकते.

न मागता दर कमी करणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. मॅडमनी दराविषयी अवाक्षरही काढलेले नव्हते. उत्तर न येण्याची कारणे अनेक असू शकतात: त्या रजेवर असतील, मेल स्पॅममध्ये गेली असेल, आलेख कोणी काढायचे हे संस्थेत ठरले नसेल, किंवा वरिष्ठांची बैठकच झाली नसेल. यांतल्या एकाही अडचणीवर दर कमी करणे हा उपाय नाही. उलट "कमी-जास्त करता येईल" असे लिहिताच मूळ दर फुगवून लावला होता असा समज होतो आणि पुढची सगळी बोलणी त्या कमी केलेल्या दरापासून सुरू होतात. दराचा प्रश्न समोरून आला, तरच त्यावर बोलावे, आणि तेव्हाही कामाची व्याप्ती कमी करूनच दर कमी करावा.

उत्तर देणे अवघड करून ठेवणे

"आपला निर्णय कळवावा" ही मागणी वरकरणी साधी दिसते. परंतु ती पुरी करण्यासाठी मॅडमना जुनी मेल शोधावी लागेल, प्रस्ताव उघडावा लागेल, दोन पर्यायांतला फरक पुन्हा समजून घ्यावा लागेल आणि कदाचित वरिष्ठांना विचारावे लागेल. एवढे सगळे झाल्याशिवाय उत्तराचे एक वाक्यही लिहिता येत नाही. माझ्या मते आठवडाभराच्या शांततेचे सर्वांत मोठे कारण हेच असते, आणि आपल्या हातात असलेला उपायही इथेच आहे. सबंध निर्णय विचारण्याऐवजी, निर्णय जिथे अडला असण्याची शक्यता आहे तेवढाच प्रश्न विचारावा, आणि निर्णय झालेला नसला तरी देता येईल असे एक सोपे उत्तर उपलब्ध करून ठेवावे.

तो प्रश्न सापडण्यासाठी आधीच्या बोलण्याची टिपणे काढून पाहावीत. या उदाहरणात फोनवर मॅडम म्हणाल्या होत्या, की आलेख संस्थेतच तयार होतील का हे त्यांना विचारून घ्यायचे आहे. म्हणजे दोन पर्यायांमधली निवड बहुधा तिथेच थांबली असणार.

घाईचे कारण आपल्या सोयीत शोधणे

"माझ्याकडे इतरही कामे येत आहेत" हे खरे असू शकते, पण ते मॅडमच्या कामाचे कारण होत नाही. मुदत सांगायचीच असेल, तर ती त्यांच्या कामातून निघालेली असावी आणि तिचा हिशेब दाखवता यावा. अहवालाची फाइल ३० तारखेला, शुक्रवारी, छापखान्यात द्यायची आहे. पहिल्या मांडणीला ६ दिवस, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांना प्रत्येकी ३ दिवस आणि अखेरच्या तपासणीला २ दिवस, असे कामाचे १४ दिवस लागतात. पाच दिवसांचा आठवडा धरून मागे मोजत गेले, तर काम मंगळवारी, १३ तारखेला सुरू व्हायला हवे, म्हणजे मजकूर सोमवारी, १२ तारखेपर्यंत हाती यायला हवा. ही तारीख पाठपुरावा नसता केला तरी मॅडमना उपयोगीच पडली असती, म्हणून ती सांगताना दबाव जाणवत नाही. अशी खरी मुदत नसेल, तर मुदतीचा उल्लेखच करू नये. खोटी मुदत पुढच्या मेलमध्ये आपोआप उघडी पडते.

या सगळ्याचा विचार करून बुधवारी, ७ तारखेला पाठवलेली मेल अशी झाली:

"नमस्कार मॅडम,

वार्षिक अहवालाच्या मांडणीचा प्रस्ताव सोबत पुन्हा जोडला आहे, म्हणजे शोधावा लागणार नाही. आपले बोलणे झाले तेव्हा आलेख संस्थेतच तयार होतील का, हे ठरायचे होते. ते ठरले असल्यास पहिला पर्याय (आलेखांशिवाय) धरावा की दुसरा (आलेखांसह), एवढे कळवावे.

हा विषय अजून चर्चेत असल्यास साधारण केव्हा विचारणे सोयीचे होईल, तेवढे सांगितले तरी पुरेल.

फाइल ३० तारखेला छापखान्यात द्यायची झाल्यास मजकूर १२ तारखेपर्यंत मिळायला हवा, ही बाब नियोजनासाठी आपल्या नजरेस आणून देत आहे. छपाई पुढे गेली असल्यास त्यानुसार तारखा बदलून देईन.

धन्यवाद."

या मेलमध्ये थांबल्याचा उल्लेख कुठेही नाही, आणि तिला "दुसरा" किंवा "पुढच्या सोमवारी विचारा" एवढेच उत्तर पुरते, जे प्रवासात असतानाही फोनवरून देता येते.

पाठवताना होणाऱ्या चुका

मजकूर नीट असूनही मेल चुकीच्या पद्धतीने पाठवली, तर फायदा होत नाही. पाठपुरावा नव्या मेलने न करता, आपणच पाठवलेल्या मूळ मेलला उत्तर देऊन करावा आणि विषयाची ओळ बदलू नये. जीमेलमध्ये विषय बदलला, की संभाषण तुटून नवे सुरू होते आणि जुना संदर्भ दिसेनासा होतो. विषयात "स्मरणपत्र" किंवा "तातडीचे" असे शब्द घालण्याचा मोह होतो, तोही यामुळे आपोआप टळतो. स्वतःच्या मेलला उत्तर देताना मेल कोणाच्या पत्त्यावर जात आहे हे मात्र एकदा तपासावे, कारण काही मेल प्रोग्रॅममध्ये तिथे आपलाच पत्ता येतो.

उत्तर देताना मूळ मेलमधली फाइल सहसा सोबत जात नाही. "सोबत जोडला आहे" असे लिहून प्रस्ताव न जोडणे ही या प्रकारातली नेहमीची चूक आहे. फाइल मोठी असेल, तर पहिल्या मेलचे काय झाले असेल याचाही विचार करावा. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतच्या फाइल जोडता येतात, पण प्रवासात मेलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि अनेक संस्थांच्या सर्व्हरची मर्यादा याहून कमी असते. नमुन्यांच्या चित्रांमुळे प्रस्ताव जड झाला असेल, तर या वेळी तो हलका करून पाठवावा.

पहिल्याच पाठपुराव्यात वरिष्ठांना सीसीमध्ये घालू नये, कारण ते तक्रार केल्यासारखेच होते. त्याच दिवशी मेल, फोन आणि व्हॉट्सॲप असे तिन्हीकडून गाठणेही टाळावे.

या मेललाही उत्तर आले नाही तर

आणखी पाच ते सात कामाचे दिवस जाऊ द्यावेत आणि मग एकदा फोन करावा. फोनवर निर्णय न विचारता मेल पोचली आहे का, एवढेच विचारावे. मेल स्पॅममध्ये गेली असल्यास ते इथेच कळते. फोन लागला नाही, तर शेवटची एक मेल पाठवावी आणि तीत फक्त वस्तुस्थिती असावी: प्रस्तावातील दर अमुक तारखेपर्यंत लागू आहेत, १२ तारीख उलटून गेल्यामुळे ३० तारखेची फाइल आता शक्य नाही, आणि काम पुढे कधी घ्यायचे ठरल्यास नवे वेळापत्रक करून देता येईल. "आपणास रस नसावा असे समजतो" हे वाक्य तीत घालू नये, कारण समोरच्याच्या वतीने नकार लिहून दिल्याने परत येण्याची वाट अवघड होते. त्यानंतर आपल्या वेळापत्रकातून ते काम काढून टाकावे, आणि काही महिन्यांनी मॅडमचा "ते काम करायचे आहे" असा निरोप आला, तर जुना प्रस्ताव तसाच पुढे न करता पानांची संख्या, आलेख आणि तारखा पुन्हा विचारून नवा द्यावा.